हे हिला कसं कळलं?

पहिलीच छोटी कादंबरी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाने दिलेला शेरा कसा असतो, हे आपल्याला तो वाचायच्या आधीच ठाऊक असतं. आधी दोन ओळी कौतुकाच्या, मग ‘परंतु’, आणि त्यानंतर जे खरं सांगायचं आहे ते. ‘भाषा जिवंत आहे, परंतु रचनेवर आणखी मेहनत हवी.’ लिहिणारा माणूस हे वाचताना कौतुक भराभर ओलांडतो आणि ‘परंतु’पाशी थांबतो, कारण आधीचं सगळं औषधावरच्या साखरेसारखं असतं असं आपण गृहीत धरून चालतो.

असा एक शेरा गेल्या वर्षी मी सावकाश, तीन-चार वेळा वाचला. लिहिणारे सर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहेत. कादंबरी लिहिणारी माझ्याच वर्गातली. आम्ही दोघेही अकरावी-बारावीला त्यांच्या तासाला बसलो. मी पुढे इंजिनीअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये आलो, ती गोंदियाला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. नाव घालायचं नाही या अटीवर तिने मला हस्तलिखित, शेरा आणि नंतरचा मसुदा, तिन्ही वाचायला दिलं. ते वाचल्यापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आवाज चांगला आणि रचना कच्ची, असं म्हणताना आपण या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. त्या खरंच वेगळ्या असतात का? आणि नसतील, तर रचना दुरुस्त करणाऱ्याचा हात नेमका कुठपर्यंत पोचतो?

आधी कादंबरीविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. फुलस्केपची एकशे चार पानं, अकरा प्रकरणं. गोष्ट सांगते ती तेरा वर्षांची मुलगी. बाप दिवाळीनंतरच्या हंगामात झाडीपट्टीच्या नाटक मंडळीत ऑर्गन वाजवतो आणि एरवी मजुरी करतो. आई रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत जाते, बाकी वर्षभर घरी विड्या वळते. गावच्या मंडईच्या रात्री सगळा गाव नाटक बघायला बसलेला असताना आई घर सोडून निघून जाते. परत येत नाही. का गेली, हे कुणी मुलीला सांगत नाही.

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकासाठी एवढंच, की मंडई म्हणजे इकडे भाजीबाजार नव्हे. भाऊबीजेपासून पुढे गावोगावी एकेका दिवसाची जत्रा भरते, लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, आणि रात्री मांडवात नाटक असतं ते पहाटेपर्यंत चालतं. वर्षातली ही एकच रात्र अशी, की घरात कुणी नाही याचं कुणाला काही वाटत नाही. आईने ही रात्र निवडली, यात कादंबरीचं अर्धं बळ आहे.

सरांचा शेरा पाच पानांचा आहे. पहिलं पान पूर्ण कौतुकाचं, पण त्यात ‘छान’, ‘ओघवती’, ‘हृदयस्पर्शी’ यातला एकही शब्द नाही. त्यांनी पान क्रमांक घालून सात वाक्यं उतरवून काढली आहेत आणि खाली लिहिलं आहे की ही मुलगी मोजते. भीती वाटली असं ती कधी म्हणत नाही, दाराला नऊ फळ्या होत्या असं म्हणते. भूक लागली म्हणत नाही, चुलीपाशी किती लाकडं उरली ते सांगते. आई गेल्यानंतरच्या सकाळी ती दोरीवरचे कपडे मोजते. मोजणं हा तिचा स्वभाव आहे आणि तो तिला आईकडून आलेला आहे, कारण विड्यांच्या पंचवीस-पंचवीसच्या जुड्या मोजून ठेवायचं काम आईने तिला लहानपणी लावलं होतं. या सात वाक्यांना कुणी हात लावू नये, मुद्रितशोधकाने नाही आणि मीही नाही, असं सरांनी लिहिलं आहे. ‘डोळा’ऐवजी ‘डोरा’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ असं जिथे जिथे आलं आहे तिथे बाजूला बरोबरची खूण केली आहे. झाडीबोलीत ळ आणि ण अशा जागी र आणि न होतात. ज्या माणसाने आयुष्यभर आमच्या वह्यांमधले हेच ‘न’ लाल शाईने ‘ण’ केले, त्याच माणसाने ही खूण केली होती.

कौतुक एवढं नेमकं असण्याचा उपयोग मला तिथे कळला. तो लिहिणारीला बरं वाटावं यासाठी नव्हता. पुढच्या चार पानांत बरीच मोडतोड सुचवलेली होती, आणि मोडतोड करताना कुठल्या भिंती पाडायच्या नाहीत त्यांवर आधीच खुणा केलेल्या होत्या. ‘भाषा जिवंत आहे’ या शेऱ्यातून अशी कुठलीच भिंत दाखवता येत नाही. त्यामुळे तसं कौतुक ऐकून रचना दुरुस्त करायला बसलेला नवा लेखक पुष्कळदा नेमकं तेच काढून टाकतो, ज्याच्यामुळे त्याचं कौतुक झालेलं असतं.

दुसऱ्या पानावर सरांनी एक तक्ता आखला आहे. अकरा प्रकरणांच्या अकरा ओळी आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने: प्रकरणात काय बदलतं, ते मुलीला कसं कळलं, आणि ती तिथे काय मोजते. कादंबरी लिहून झाल्यावर उलटा काढलेला आराखडाच हा. अकरापैकी पाच ओळींत तिसरा रकाना रिकामा राहिला. पहिली तीन प्रकरणं, सहावं आणि शेवटचं. आणि याच पाच ठिकाणी भाषाही बदलत होती. पहिल्या प्रकरणात गावचं तळं ‘निसर्गरम्य’ होतं. सहाव्यात आईच्या ‘अंतर्मनात’ विचारांचं काहूर उठत होतं. अकराव्यात मुलगी दहा वर्षांनी मोठी होऊन नागपुरात बसली होती आणि ‘समाजाने स्त्रीला काय दिलं’ असं विचारत होती. हे शब्द शाळेच्या निबंधाचे. तेरा वर्षांच्या मोजणाऱ्या पोरीच्या तोंडचे ते नव्हते.

सरांनी इथे जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी भाषेच्या चुका एका यादीत आणि रचनेच्या चुका दुसऱ्या यादीत, असं केलं नाही. जिथे आवाज फाटतो तिथे थांबून त्यांनी विचारलं, की या ओळीला हे सगळं सांगतंय कोण? उत्तर आलं की तिथे मुलगी नाहीच, लेखिका बोलते आहे. ती तिथे आत येते, कारण आपण मांडलेली गोष्ट मुलीच्या तोंडून पुरी होणार नाही अशी तिला शंका वाटते. वाचकाला गाव कळणार नाही म्हणून तिने आधी तीन प्रकरणं गाव सांगितलं. आई वाईट दिसेल म्हणून सहाव्यात आईचं मन उघडलं. अर्थ पोचणार नाही म्हणून अकराव्यात अर्थ सांगितला. रचनेतल्या तिन्ही दोषांचं मूळ एकच निघालं, ते म्हणजे आवाजावरचा अविश्वास.

माझ्या कामात याच्या जवळपास जाणारी एक गोष्ट आहे आणि ती इथे लागू पडत नाही, म्हणूनच सांगतो. आम्ही रिफॅक्टरिंग करतो. प्रोग्रॅमची आतली मांडणी बदलायची, पण बाहेरून तो जे काम करतो ते तसंच राहिलं पाहिजे. बदल केल्यावर आधीच्याच चाचण्या पुन्हा चालवतात. सगळ्या पास झाल्या की मांडणी बदलली आणि वागणं बदललं नाही, याची खात्री. कादंबरीला हे जमत नाही, कारण तिथे मांडणी हेच वागणं आहे. दोरीवरचे कपडे मोजायचं वाक्य आई गेल्याचं कळायच्या आधी आलं तर ते सकाळच्या कामाचं वाक्य असतं, नंतर आलं तर शोकाचं. अक्षर न् अक्षर तेच. म्हणून ‘तुझा आवाज तसाच ठेवू, फक्त क्रम बदलू’ असं आश्वासन कुणालाही प्रामाणिकपणे देता येत नाही. क्रमाला हात लावणारा आवाजालाही हात लावत असतो, आणि हे मान्य करूनच त्याने पुढे जायला हवं.

मग सरांनी क्रमाला हात कसा लावला? पहिल्या तीन प्रकरणांबद्दल त्यांनी ‘गाळ’ असं लिहिलं नाही. त्यांनी तिला एक करून बघायला सांगितलं: ती सत्तावीस पानं बाजूला ठेव, पुस्तक न वाचलेल्या कुणाला तरी चौथं प्रकरण पहिलं म्हणून वाचायला दे, आणि त्याला कुठे अडायला होतं ते लिहून घे. तो ‘कुणी तरी’ मी झालो. चौथं प्रकरण रोवणीचं आहे. पहिल्याच वाक्यात मुलगी पऱ्ह्यांच्या पेंढ्या मोजते. मी दोन ठिकाणी अडलो. बाप घरी का नाही ते कळेना, आणि घरात जी म्हातारी आहे ती आईची आई की बापाची, ते कळेना. सत्तावीस पानांतून वाचकाला लागत होत्या त्या या दोन गोष्टी, आणि नव्या मसुद्यात त्या एकेका वाक्यात आल्या आहेत. तळं, देऊळ, आखर, बोडीकडे जाणारी वाट, हे मुलगी जिथे जिथे जाते तिथे आपोआप दिसतं. ती चालते तेव्हा पावलं मोजते, त्यामुळे किती दूर तेही कळतं.

हा दोष कसा ओळखायचा, हेही या प्रयोगातून कळतं. प्रकरण काढल्यावर वाचक अडला, तर ते रचनेचा भाग होतं. वाचक न अडता लेखक अडला, तर ते लेखकाने स्वतःच्या तयारीसाठी लिहिलेलं होतं. तशी तयारी करावीच लागते, तिच्याशिवाय चौथं प्रकरण इतकं सहज उतरलंही नसतं. ती पुस्तकात राहायला हवी असं मात्र नाही.

शेवटच्या प्रकरणाबद्दल तिचं आणि सरांचं लगेच जमलं. ते गेलं. आता कादंबरी दहाव्या प्रकरणाच्या शेवटी, बापाने ऑर्गनची पेटी बंद केल्यावर थांबते. खरा पेच सहाव्याचा होता, आणि मला या लेखात जे म्हणायचं आहे ते त्याच्याभोवतीच आहे.

सहाव्या प्रकरणात आई गोंदियाला गाडी बदलून डोंगरगडच्या बाजूला निघाली आहे. डब्यात एकटी. तिच्या मनात लग्नाआधीचे दिवस, नवऱ्याची मारझोड, ठेकेदाराची बोलणी, असं सगळं येतं. समासात सरांनी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘हे हिला कसं कळलं?’ मुलगी मांडवात नाटक बघते आहे. आई परत आलेली नाही, कुणाला काही बोललेली नाही. डब्यात काय झालं ते मुलीला कळायला रस्ताच नाही. कारागिरीच्या बाजूने यावर काही बोलायला जागा नव्हती.

तिने सरांना पत्रातून उत्तर दिलं. ते मी वाचलं नाही, तिने तोंडी सांगितलं ते असं. सहावं प्रकरण काढलं की आईची बाजू संपली. मग उरते ती फक्त सोडून जाणारी बाई, आणि तीही तिच्यावर रुसलेल्या पोरीच्या नजरेतून दिसलेली. गावानेही तिला तसंच पाहिलं होतं. गावाने जिला बोलू दिलं नाही तिला पुस्तकातही बोलू द्यायचं नाही, आणि ते कशासाठी, तर दृष्टिकोन एकच राहावा म्हणून? रचना नीटनेटकी होईल, पण न्याय कुणाला मिळेल?

हा आक्षेप भाबडा म्हणून बाजूला सारता येत नाही. कोण बोलणार, हे रचना ठरवते. त्यामुळे रचनेची दुरुस्ती ही पुष्कळदा कुणाला तरी गप्प बसवणारी दुरुस्ती असते. याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर याचं आहे. त्याचा संपादक गॉर्डन लिश याने त्याच्या एका कथासंग्रहाच्या हस्तलिखितातला निम्म्याहून जास्त मजकूर कापला. त्यातल्या एका कथेत वाढदिवसाच्या दिवशी मोटारीने उडवलेला मुलगा दवाखान्यात बेशुद्ध पडलेला आहे, आणि वाढदिवसाचा केक कुणी नेला नाही म्हणून चिडलेला बेकरीवाला आईबापांना फोन करून छळतो आहे. मूळ कथेत मुलगा जातो, आईबाप रात्री बेकरीत जाऊन त्या माणसाला सुनावतात, आणि तो त्यांना बसवून गरम पाव खायला घालतो. लिशने कापलेली कथा त्याच्या कितीतरी आधी, फोन वाजतो तिथेच संपते. दोन्हींतला प्रसंग एकच आहे. एका कथेत माणसं माणसांना सावरतात, दुसरीत फोन वाजत राहतो. ८ जुलै १९८० रोजी कार्व्हरने लिशला पत्र लिहून पुस्तक थांबवायची विनवणी केली. पुस्तक थांबलं नाही. १९८१ मध्ये ते आलं आणि गाजलं. कार्व्हरने ती कथा पुढच्या, १९८३ च्या संग्रहात तिच्या मोठ्या रूपात छापली. मूळ हस्तलिखित पुस्तकरूपाने निघालं ते २००९ मध्ये, तो वारल्यावर एकवीस वर्षांनी.

यातली अवघड बाब अशी, की लिशची कात्री कसबी होती. कापलेल्या कथांना चाहते आहेत, आणि ज्या कोरड्या, तुटक आवाजासाठी कार्व्हर ओळखला गेला त्या आवाजात या कात्रीचा वाटा आहे. म्हणजे रचना बदलून आवाज घडवताही येतो, आणि तो गाजतोही. फक्त तो कुणाचा, हा प्रश्न शिल्लक राहतो.

याच कार्व्हरला वीस वर्षांचा असताना एक शिक्षक भेटला होता. १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या कॉलेजात जॉन गार्डनर त्याला कथालेखन शिकवत होता. गार्डनरचंही तेव्हा एकही पुस्तक निघालेलं नव्हतं. पुढे गार्डनरच्या १९८३ मध्ये निघालेल्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना कार्व्हरने त्याची तपासण्याची पद्धत सांगितली आहे. काही शब्द तो सरळ खोडायचा, आणि त्यावर चर्चा नसायची. काही वाक्यांना तो कंस करायचा. कंसातलं ठेवायचं की नाही, ते दोघांनी बोलून ठरायचं. शनिवार-रविवारी लिहायला निवांत जागा मिळावी म्हणून त्याने कार्व्हरला आपल्या ऑफिसची किल्ली देऊन ठेवली होती.

गार्डनर काही लिशपेक्षा मवाळ नव्हता, तोही खोडत होताच. माझ्या मते दोघांतला फरक असा, की गार्डनरने खोडलेला कागद परत कार्व्हरच्या हातात जायचा. लिशने कापलेला कागद छापखान्याकडे निघाला होता. शिक्षकाच्या शेऱ्याला संपादकाच्या निर्णयापेक्षा एक वेगळी जबाबदारी असते, ती यामुळे. शिक्षकाला पुस्तक काढायचं नसतं. समोरच्या माणसाने पुढचं पुस्तक लिहावं, यासाठी तो हे लिहीत असतो. पुस्तक त्याने स्वतः दुरुस्त करून दिलं तर पुस्तक सुधारेल, लेखक तिथेच राहील.

मराठीत हा वाद आणखी एका अंगाने झालेला आहे. ‘सत्यकथे’च्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी लेखकांच्या मजकुरावर बारकाईने काम करून घेतलं आणि त्यातून लेखक घडले, हे सर्वज्ञात आहे. आणि राजा ढाले व त्यांच्या सोबत्यांनी १९६९ मध्ये त्याच ‘सत्यकथे’चा अंक जाळला, हेही. घोटीव रचना ही बऱ्याचदा एखाद्या वर्गाची, एखाद्या शहराची आवड असते, आणि ती सगळ्यांना मापाची म्हणून दिली जाते, असा राग त्यामागे होता. झाडीपट्टीतल्या मुलीची कादंबरी तपासणाऱ्याने तो राग विसरून चालणार नाही. ‘रचना कच्ची आहे’ असं म्हणताना मी कुठल्या पुस्तकांवरून घेतलेलं माप लावतो आहे, हे त्याने स्वतःला विचारायला हवं.

सरांचं माप बाहेरून आलेलं नव्हतं, असं मला वाटतं, आणि त्याचा पुरावा त्या एका प्रश्नात आहे. ‘एका कादंबरीत एकच दृष्टिकोन असावा’ असा नियम त्यांनी लिहिला नाही. तसा नियम नाहीच, अनेक आवाजांच्या चांगल्या कादंबऱ्या आहेत. ‘हे हिला कसं कळलं?’ हा प्रश्न कादंबरीनेच स्वतःवर ओढवून घेतला होता, कारण पहिल्या चांगल्या पानापासून तिने वाचकाला एक वचन दिलं होतं: ही मुलगी फक्त पाहिलेलं आणि मोजलेलं सांगेल. सरांनी त्याच वचनाची आठवण करून दिली. आणि उत्तर काय असावं, ते लिहिलं नाही. शेऱ्यातली ही कोरी जागा मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण उत्तर त्यांनी लिहिलं असतं तर ते बहुधा ‘प्रकरण गाळावे’ असंच झालं असतं.

तिने दोन महिने काही केलं नाही. मग जे केलं ते असं. नव्या सहाव्या प्रकरणात, आई गेल्यानंतर आठवड्याभराने मुलीला सुपाखाली आईचं विडीचं कार्ड सापडतं. विड्या घरी वळणाऱ्या बाईकडे असं कार्ड असतं. तारीख, दिलेला पाला आणि तंबाखू, जमा केलेल्या विड्या, आणि ‘छाट’, म्हणजे खराब म्हणून ठेकेदाराने बाजूला काढलेल्या, ज्यांचे पैसे मिळत नाहीत. मुलगी मोजणारी. ती कार्ड वाचते, म्हणजे आकडे वाचते. श्रावणात रोजच्या आठशे-नऊशे. भादव्यात सहाशे. मग चारशे. छाट वाढत जाते, वीस, पन्नास, एका दिवशी नव्वद. मुलीला वाटतं आईला आळस आला. वाचकाला कळतं की त्या बाईचे हात चालेनासे झाले होते, आणि मागच्या प्रकरणातली बापाची एक रात्र आठवून ते का, तेही कळतं. मग तीन दिवस कोरे. आणि मंडईच्या दिवशी एकदम एक हजार, छाट शून्य. मुलगी डबा उघडून पैसे मोजते. सगळे तिथेच असतात.

आईच्या मनाबद्दल एक शब्द नाही. ती ठरवून गेली, जायच्या दिवशी तिने आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ काम केलं आणि त्याचे पैसे मागे ठेवले, हे सगळं एका कार्डावर आहे. जुन्या सहाव्यापेक्षा आईची बाजू इथे मला जास्त भक्कम वाटते, कारण ती तिच्या हाताने केलेली नोंद आहे. आणि हा मार्ग सरांच्या शेऱ्यात नव्हता. सापडला तो आवाजातच होता. मोजणाऱ्या मुलीला पुरावा द्यायचा तर तो आकड्यांतच द्यायला हवा, हे ज्याच्या कानात तो आवाज आहे त्यालाच सुचू शकतं.

शेऱ्याचं पाचवं पान पेन्सिलीने लिहिलेलं आहे, आणि बाकीची चार निळ्या शाईने. आम्हीही एकमेकांचा कोड तपासताना काही सूचना ‘हे केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ अशा देतो आणि काहींच्या आधी ‘किरकोळ’ अशी खूण टाकतो, त्यामुळे हा फरक मला ओळखीचा वाटला. पेन्सिलीत सरांनी सुचवलं होतं की मंडईची रात्र अगदी सुरुवातीला आणावी आणि मग मागे जावं, म्हणजे वाचक पहिल्या पानापासून धरला जाईल. हे तिने मानलं नाही. तिचं म्हणणं असं, की आधी पन्नास पानं मुलगी साध्या गोष्टी मोजते, आपल्याला त्याची सवय होते, आणि मग मंडईच्या रात्री, घरी आल्यावर, ती काहीच मोजत नाही. पूर्ण प्रकरणात एक आकडा नाही. ती शांतता ऐकू यायला आधीची सवय लागते. सरांच्या तक्त्यातही त्या प्रकरणापुढे मोजण्याचा रकाना रिकामा राहायला हवा होता. तिथे त्यांनी मागाहून, पेन्सिलीनेच, ‘मुद्दाम?’ असं लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे त्यांना ते दिसलं होतं, आणि तरी मंडई आधी आणायची सूचना त्यांनी खोडली नाही. चांगला वाचकही आपल्याच दोन निरीक्षणांचा एकमेकांशी संबंध लावायला चुकतो. म्हणून पेन्सिल.

या सगळ्यावरून मला शेरा लिहिणाऱ्याच्या अधिकाराच्या तीन पायऱ्या दिसतात. मी इथे अडलो, हे सांगायचा त्याला पूर्ण अधिकार आहे, कारण ती घडलेली गोष्ट आहे. मी यामुळे अडलो असं वाटतं, हे सांगायचा अधिकार जरा कमी, कारण कारण चुकू शकतं. तर मग असं कर, हे सांगायचा सगळ्यात कमी. आपण बहुतेक शेरे उलट्या क्रमाने लिहितो. उपाय मोठ्या अक्षरात, कारण घाईत, आणि अडलो कुठे ते सांगतच नाही.

एक हिशेब मात्र शिल्लक आहे. सरांनी कुणीही हात लावू नये म्हणून जी सात वाक्यं उतरवली होती, त्यातलं सातवं जुन्या सहाव्या प्रकरणातलं होतं. डोंगरगडच्या गाडीत आई मागे गेलेली स्टेशनं उलटी मोजते, म्हणजे घरापासून आपण किती लांब आलो ते कळावं. पोरीची मोजायची खोड आईची होती, हे त्या एका वाक्यात होतं, आणि ज्या हाताने त्याच्याखाली रेघ ओढली त्याच हाताने समासात ‘हे हिला कसं कळलं?’ असं लिहिलं होतं. दोन्ही बरोबर होतं. ते वाक्य दुसरीकडे बसवायला तिने पुष्कळ प्रयत्न केले. आजीच्या तोंडी घातलं, स्वप्नात घातलं, दोन्हीकडे ते खोटं वाटलं. नव्या मसुद्यात ते नाही. नवं सहावं प्रकरण जुन्यापेक्षा चांगलं आहे यात मला शंका नाही, आणि ते वाक्य गेलं याची भरपाई झाली असंही मी म्हणणार नाही. नवा मसुदा सध्या एका प्रकाशकाकडे आहे. जुनी फुलस्केप पानं तिने जपून ठेवली आहेत.